आलेख कानाने दाखवताना

‘आणि इथे बघा, ही रेघ कशी वर गेली आहे.’

हे वाक्य मी एका कॉन्फरन्स कॉलवर बोललो तेव्हा पलीकडे नऊ जण होते आणि त्यांतल्या एकाच्याही समोर रेघ नव्हती. दोघं प्रवासात होते, एकीचं इंटरनेट बंद पडलं होतं आणि बाकीच्यांना फाइल पोहोचली आहे का, हे मी विचारलंच नव्हतं. सगळ्यांकडे होता तो फक्त फोन आणि त्यातून येणारा माझा आवाज. कोणी काही म्हणालं नाही. फोनवर माणसं समजलं म्हणूनही गप्प राहतात आणि नाद सोडून दिला म्हणूनही, आणि इकडून दोन्ही सारखंच ऐकू येतं. कॉल संपल्यावर एकाचा निरोप आला. त्यात दोनच शब्द होते : ‘कुठली रेघ?’

त्यानंतर मी बरीच सादरीकरणं नुसत्या फोनवरून केली आहेत. मजकुराच्या स्लाइडचं फार अडत नाही, ती वाचून किंवा सांगून निभावते. गाडी रुतते ती आलेखाशी. म्हणून इथे मुख्यतः एकाच गोष्टीबद्दल लिहितो : दोन रेघांचा एक साधा आलेख, ज्याला तो दिसत नाही त्याच्या डोक्यात कसा उभा करायचा.

आधी डोळा आणि कान यांच्या कामातला फरक. आलेख समोर आला की डोळा आधी अख्खा आकार टिपतो, मग हव्या त्या कोपऱ्यात शिरतो, पुन्हा मागे येतो, अक्षावरचा आकडा तपासतो. कुठून सुरुवात करायची ते बघणारा ठरवतो. ऐकणाऱ्याच्या हातात यातलं काही नसतं. त्याला तुम्ही द्याल त्याच क्रमाने एकेक तुकडा मिळतो आणि मागचा तुकडा पुन्हा बघता येत नाही, फक्त आठवता येतो. आठवण्याची ताकद तर फारच तोकडी. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली माणूस एका वेळी साधारण सात गोष्टी ध्यानात धरतो असं मांडलं होतं. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी हा आकडा चारच्या आसपास आणला. दोन अक्ष आणि दोन रेघा म्हटल्या की चार झाल्या, आणि अजून तुम्ही एकही आकडा सांगितलेला नसतो. तेव्हा सगळा भार क्रमावर येतो. आधीचा तुकडा पक्का बसला, तरच पुढच्याला टेकायला जागा मिळते.

एक आलेख, दोनदा सांगितलेला

उदाहरण तक्रारींचं घेऊ. एका ग्राहकसेवा विभागात वर्षभर दर महिन्याला किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या, याचा आलेख आहे. हे आकडे मी उदाहरणासाठी बेतले आहेत. जानेवारी ते डिसेंबर आलेल्या तक्रारी अशा : ४००, ४१०, ३९५, ४०५, ४००, ५६०, ७२०, ६१०, ४५०, ४१०, ४००, ३९०. सुटलेल्या अशा : ४००, ४०५, ४००, ४००, ४०५, ४३०, ४५०, ४६०, ४७०, ४७०, ४७०, ४७०. वर्षाच्या सुरुवातीला ६० तक्रारी आधीच्या शिल्लक होत्या. आलेख मी मुद्दाम इथे काढलेला नाही. या क्षणी तुम्हीही फोनच्या पलीकडेच बसला आहात असं समजा.

स्लाइड डोळ्यांसमोर ठेवून बोलणारा माणूस साधारण असं बोलतो :

‘तर हा आपला वर्षभराचा ट्रेंड. निळ्या रेघेत आलेल्या आहेत, केशरी रेघेत झालेल्या. तुम्ही बघू शकता की मध्ये मोठा स्पाइक आला होता, नवीन आवृत्तीमुळे. पण नंतर आपण कव्हर केलं आणि आता केशरी वर आहे, म्हणजे परिस्थिती सुधारली आहे. पुढे जाऊ.’

स्लाइड समोर असेल तर यात फारसं वावगं नाही. ती नसेल तर मात्र ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच, की काहीतरी वर गेलं, खाली आलं आणि बोलणारा खूश आहे. तो खूश असण्याचं कारण तपासून बघायला त्याच्या हाती काहीच नाही.

तीच स्लाइड मी आता अशी सांगतो :

‘स्लाइड सात. या स्लाइडवर एकच प्रश्न आहे : तुंबलेल्या तक्रारी कधी संपणार?

रेघांचा आलेख आहे. आडव्या बाजूला वर्षाचे बारा महिने, डावीकडे जानेवारी, उजवीकडे डिसेंबर. उभ्या बाजूला महिन्याच्या तक्रारी, खाली शून्य, वर आठशे. रेघा दोन आहेत. येणाऱ्या तक्रारींच्या रेघेला मी आवक म्हणेन आणि सुटलेल्या तक्रारींच्या रेघेला निपटारा.

मेपर्यंत दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून सपाट चालतात, चारशेच्या आसपास.

जूनमध्ये आवक उसळते. जुलैमध्ये शिखर आहे, सातशे वीस, सात दोन शून्य. सप्टेंबरला ती साडेचारशेवर उतरते आणि डिसेंबरला पुन्हा चारशेच्या किंचित खाली येते. म्हणजे एक डोंगर आहे, मेअखेर सुरू होऊन ऑक्टोबरला सपाटीला लागणारा.

निपटारा हा डोंगर चढत नाही. जूनपासून ती रेघ हळूहळू वर सरकते आणि सप्टेंबरपासून चारशे सत्तरवर सपाट होते, चार सात शून्य. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या मध्ये दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. तिथून पुढे निपटाऱ्याची रेघ वर आहे.

आलेख इथे संपला. आता माझं म्हणणं. ऑगस्टअखेर सहाशे दहा तक्रारी तुंबल्या होत्या, डिसेंबरअखेर तीनशे ऐंशी आहेत. रेघा सुधारल्या, ढीग अजून तसाच मोठा आहे. डिसेंबरच्या वेगाने महिन्याला ऐंशी कमी होतात. नेहमीच्या साठवर यायला आणखी चार महिने, म्हणजे एप्रिलअखेर.’

सावकाश बोललं तर याला दीड मिनिट लागतं. डोळ्याने पाच सेकंदांत उरकणारी स्लाइड कानाला दीड मिनिट घेते, हा हिशेब आधीच मांडून ठेवायला हवा. अर्ध्या तासाच्या कॉलमध्ये असे आलेख पाच-सहा झाले तरी डोक्यावरून पाणी. वीस स्लाइडचा संच फोनवर न्यायचा असेल, तर त्यातल्या बारा-तेरा गळणारच. त्या कुठल्या, हे कॉलच्या मध्यावर घड्याळाला ठरवू देण्यापेक्षा तुम्हीच आधी ठरवलेलं बरं.

चौकट, नावं आणि डोंगर

प्रश्न पहिल्या वाक्यात का, याचं कारण साधं आहे. प्रश्न माहीत असला की ऐकणारा पुढचा प्रत्येक तुकडा त्या खुंटीला अडकवतो. प्रश्न शेवटी आला तर तोवरचं सगळं नुसतंच हवेत तरंगत राहतं.

मग चौकट, म्हणजे अक्ष. इथे लोक घाई करतात. ‘महिनेवार आकडे आहेत’ म्हणतात आणि पुढे जातात. पण उभा अक्ष कुठून सुरू होतो हे सांगितलं नाही, तर आलेखाची उंची सांगून काहीच साधत नाही. आपल्या उदाहरणात अक्ष शून्यापासून आहे, त्यामुळे जुलैचं शिखर मे महिन्याच्या रेघेपेक्षा जवळपास पावणेदोनपट उंच दिसतं, आणि खरी वाढही तेवढीच आहे. समजा आलेख काढणाऱ्याने अक्ष ३५० पासून सुरू केला असता. तेव्हा मे महिन्याची रेघ तळापासून ५० वर आणि शिखर ३७० वर दिसलं असतं, म्हणजे सातपटीहून उंच. स्लाइडकडे बघून बोलणारा माणूस त्या चित्राच्या तालावर बोलतो. ‘प्रचंड’, ‘आकाशाला भिडली’ असे शब्द त्याच्या तोंडी येतात ते अक्षामुळे. म्हणून उंचीचं वर्णन करताना चित्राकडे न बघता आकड्यांकडे बघावं आणि पट सांगावी. दीडपट, पावणेदोनपट, अडीचपट हे शब्द कानाला टक्क्यांपेक्षा फार सोपे जातात. ‘ऐंशी टक्के वाढ’ म्हटलं की निम्मे लोक मनात ऐंशी धरतात आणि उरलेले एकशे ऐंशी.

रंगांचा उल्लेख मी पूर्ण काढून टाकला आहे. निळी आणि केशरी ही नावं ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी पोकळ आहेत. त्याला आधी ‘निळी म्हणजे आलेल्या’ असं पाठ करावं लागतं आणि प्रत्येक वेळी मनात उलटा अनुवाद करावा लागतो. रेघेला ती जे मोजते त्याचंच नाव द्यावं. पण तेही कानाने पारखून. माझ्या पहिल्या प्रयत्नात रेघांची नावं ‘आलेल्या’ आणि ‘झालेल्या’ अशी होती. कागदावर चांगली दिसत होती. फोनवर दोन्हींतलं ऐकू येत होतं ते ‘…लेल्या’. ‘आवक’ आणि ‘निपटारा’ हे सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळे शब्द आहेत, लांबीही वेगळी, त्यामुळे अर्धवट ऐकू आले तरी गल्लत होत नाही.

आकाराला आकाराचा शब्द द्यावा. चढ, उतार, पठार, दरी, पायरी, करवतीचे दाते, हे सगळे शब्द आपल्याकडे तयार आहेत आणि ऐकताक्षणी डोळ्यांपुढे उभे राहतात. फक्त त्यांना पायथा हवा. नुसतं ‘मध्ये एक डोंगर आहे’ म्हटलं तर एकाच्या मनात तो महिन्याभराचा सुळका असतो आणि दुसऱ्याच्या मनात सहा महिन्यांचं टेकाड. कुठे सुरू, कुठे शिखर, कुठे सपाटी, हे तीन बिंदू दिले की डोंगर सगळ्यांचा एकसारखा होतो.

आणि दिशा. ‘वाढ झाली’ हे वाक्य दोन्ही रेघांना लागू पडतं. आवक वाढली आणि निपटाराही वाढला. पण एक उसळून पडली आणि दुसरी संथपणे चढून वरच राहिली. हा फरक हाच या आलेखाचा गाभा आहे, आणि ‘वाढ’ या एका शब्दात तो बुडून जातो. म्हणून प्रत्येक रेघेला वेगळं क्रियापद.

फोन आकडे खातो

साध्या फोनवाहिनीवरून आवाजाचा फक्त मधला पट्टा जातो, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारी बरीचशी ऊर्जा ३४०० च्या वर असते, म्हणजे नेमकी कापली जाते. हल्लीच्या काही कॉलमध्ये यापेक्षा रुंद पट्टा मिळतो, पण कॉन्फरन्सच्या नंबरवर साध्या फोनलाइनवरून जोडलेल्या माणसाला बहुधा हा अरुंद आवाजच ऐकू येतो. रोजच्या बोलण्यात आपण संदर्भावरून गाळलेल्या जागा भरतो. आकड्याला संदर्भ नसतो. साठ ऐकू आलं की आठ, हे वाक्यावरून ठरवता येत नाही.

त्यात मराठी आकडे. आपल्याकडे शंभरपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द आहे आणि त्यातली भावंडं एकमेकांसारखी दिसतात. त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकाहत्तर आणि बाहत्तर, पंचावन्न आणि पंचाण्णव. एकोणसाठ म्हटलं की घाईत ऐकणारा साठाच्या घरात शिरतो आणि एक त्यात मिळवतो, वजा करत नाही. इंग्रजी आकडे वापरले तर फिफ्टी आणि फिफ्टीन, सिक्स्टी आणि सिक्स्टीन यांची जुनी भांडणं आहेतच. यावर माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो विमानतळावरच्या घोषणेसारखा वाटला तरी मी तो सोडत नाही. महत्त्वाचा आकडा आधी शब्दात आणि लगेच सुटा सुटा : सातशे वीस, सात दोन शून्य. सगळेच आकडे असे म्हटले तर ऐकणारा वैतागेल, म्हणून ज्या आकड्यांवर निर्णय होणार आहे तेवढेच. बाकीच्यांना ‘चारशेच्या आसपास’ पुरतं.

आसपास कुठे चालतं आणि कुठे नाही, याला विचार लागतो. जानेवारी ते मेचे दहा आकडे ३९५ ते ४१० मध्ये आहेत. त्या पाच-दहाच्या चढउताराला या प्रश्नात काही अर्थ नाही, म्हणून दहाही आकडे एका वाक्यात गेले. डिसेंबरची आवक ३९० आणि निपटारा ४७० इथे मात्र ऐंशीचा फरक म्हणजेच उत्तर. तिथे ‘दोन्ही चारशे-साडेचारशेच्या घरात’ असं गोल केलं, तर एप्रिलअखेरचा हिशेब कुणालाच लागणार नाही.

चित्र आणि मत यांच्यामध्ये भिंत

‘आलेख इथे संपला. आता माझं म्हणणं.’ ही दोन छोटी वाक्यं सहज लिहिलेली नाहीत. अ‍ॅलन लुंडगार्ड आणि अरविंद सत्यनारायण यांनी २०२१ मध्ये आलेखांच्या शाब्दिक वर्णनावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वर्णनाचे चार थर पाडले. पहिला आलेखाच्या बांधणीचा, म्हणजे प्रकार, अक्ष, एकक. दुसरा आकड्यांचा, म्हणजे सर्वांत मोठा, सर्वांत लहान, तुलना. तिसरा डोळ्याला दिसणाऱ्या आकाराचा, म्हणजे कल आणि वळणं. चौथा बाहेरच्या संदर्भाचा, म्हणजे असं का झालं आणि त्याचा अर्थ काय. मग ही वर्णनं ३० दृष्टिहीन आणि ९० डोळस वाचकांपुढे ठेवली. डोळस वाचकांना चौथा थर आवडला. दृष्टिहीन वाचकांचा ओढा दुसऱ्या-तिसऱ्या थराकडे होता, चौथा त्यांच्यापैकी अनेकांना कमी उपयोगाचा वाटला.

अभ्यास लिखित वर्णनांचा होता, फोनचा नव्हता. तरी कारण इथेही लागू होतं. ज्याला चित्र दिसतं तो तुमचं मत चित्राशी ताडून बघू शकतो, म्हणून त्याला मत आवडतं. ज्याला दिसत नाही त्याला चित्राच्या नावाखाली मतच मिळालं, तर तो तुमच्या मुठीत सापडतो. वरच्या पहिल्या, घाईच्या वर्णनात नेमकं हेच झालं होतं. ‘नवीन आवृत्तीमुळे’ हे आलेखात कुठेच नाही, ते बोलणाऱ्याचं मत आहे. ‘परिस्थिती सुधारली’ हेही मत, आणि तेही अर्धवट, कारण डिसेंबरअखेर ३८० तक्रारी शिल्लक आहेत. दुसऱ्या वर्णनात मत आहेच, शिवाय ठाम आहे. पण ते येण्याआधी ऐकणाऱ्याच्या हातात चित्र दिलेलं आहे. कुणाला म्हणायचं असेल की ‘जानेवारीत आवक पुन्हा वाढली तर तुमचा एप्रिल हुकेल’, तर तसं म्हणण्याइतका ऐवज त्याच्याजवळ आहे.

फाइल हातात असलेले आणि नसलेले

काही जणांकडे पीडीएफ असतं, काहींकडे नसतं. बोलायचं मात्र कुणाकडेच नाही असं समजून. फाइल असलेल्यांसाठी प्रत्येक स्लाइडचा आकडा मोठ्याने म्हणायचा, सुरुवातीला एकदा आणि ती लांबली तर मध्ये पुन्हा, म्हणजे उशिरा जोडलेल्यालाही ठिकाण सापडतं. हा आकडा स्लाइडवर छापलेलाच असावा. संगणक दाखवतो तो पानाचा आकडा आणि स्लाइडचा आकडा नेहमी जुळतातच असं नाही. संचात एखादी लपवलेली स्लाइड असेल आणि ती पीडीएफमध्ये आली किंवा गळली, तर तिथून पुढचं सगळं एकाने सरकतं, आणि मग अर्धे लोक सातव्यावर, अर्धे आठव्यावर, आणि दोन्ही बाजू खात्रीने बोलतात. तसंच अ‍ॅनिमेशन. पडद्यावर एकामागून एक येणारे तुकडे पीडीएफमध्ये एकमेकांवर चढून एकदम दिसतात. तुम्ही ‘आता पुढची रेघ आणतो’ म्हणता तेव्हा फाइलवाल्याला ती केव्हाची दिसत असते. संच पाठवण्याआधी मी अ‍ॅनिमेशन काढूनच टाकतो.

सांगायचा मजकूर स्लाइडखालच्या नोट्समध्ये शब्दशः लिहून ठेवतो. आयत्या वेळी स्लाइडकडे बघून बोललं की जीभ आपोआप ‘इथे’, ‘हे’, ‘वरती’ म्हणायला लागते. स्लाइड झाकून नोट्सवरून बोललं तर ते शब्द सुचतच नाहीत.

बाकीच्या चित्रांबद्दल थोडक्यात. पाय चार्टचे तुकडे मोठ्यापासून लहानाकडे सांगावेत, ‘दर दहातले चार’ अशा भाषेत, आणि तीन तुकड्यांनंतर ‘उरलेलं किरकोळ’ म्हणून थांबावं. आठ ओळी आणि सहा रकान्यांचा तक्ता कधीही वाचू नये. त्यातला कुठला एक रकाना आणि कुठल्या दोन ओळी हव्यात ते ठरवावं, बाकीचा मागाहून पाठवावा. शेकडो ठिपक्यांचा आलेख असेल तर ढग कुठून कुठे जातो, किती पसरलेला आहे आणि ढगाबाहेर कोण पडलं, एवढंच सांगता येतं. त्यापलीकडे आवाज जात नाही आणि तसा हट्टही धरू नये.

प्रवाहाचा नकाशा, म्हणजे चौकोन आणि बाणांची आकृती, मात्र फोनवर उलट चांगली जमते, जर ती आकृती म्हणून सांगितली नाही तर. ‘वर डावीकडे एक चौकोन, त्यातून दोन बाण निघतात’ असं सुरू केलंत की तिसऱ्या बाणाला सगळे हरवतात. त्याऐवजी एक तक्रार हातात घेऊन निघायचं. ‘समजा एक तक्रार आली. ती आधी नोंदणीकडे जाते. तिथे एकच प्रश्न विचारला जातो : पैशांची आहे का? असेल तर लेखा विभागाकडे, नसेल तर तांत्रिक गटाकडे. आधी पैशांची शेवटापर्यंत नेतो, मग परत या प्रश्नाशी येऊ.’ फाट्याला परत येणार हे आधी कबूल करायचं आणि खरंच यायचं. तीनपेक्षा जास्त फाटे असतील तर सगळ्यात वर्दळीची वाट तेवढी सांगावी.

कोरा कागद

वर्णन चाललं की नाही हे लिहिणाऱ्याला कळत नाही, कारण त्याला आलेख दिसत असतो. त्यासाठी मी ज्या सहकारी बाईंना त्रास देतो त्यांनी संच पाहिलेला नसतो. त्यांना फोन लावायचा, समोरासमोर नाही, फोनच, आणि म्हणायचं की कोरा कागद घ्या आणि मी सांगतो ते काढा. एकदाच वाचायचं. मध्ये प्रश्न नाहीत. मग त्यांनी कागदाचा फोटो पाठवायचा.

तक्रारींच्या आलेखाची पहिली चिठ्ठी बघण्यासारखी होती. डोंगर होता, पण दोन. दोन्ही रेघा जुलैमध्ये उसळून खाली आल्या होत्या, कारण मी दोन्हींना ‘वाढल्या’ म्हटलं होतं. रेघा जूनमध्येच एकमेकींना छेदत होत्या, कारण छेदनबिंदू मी सांगितलाच नव्हता आणि ‘जूनपासून बदल दिसतो’ असं मोघम बोललो होतो. उभ्या अक्षाच्या तळाशी काहीच लिहिलेलं नव्हतं. तीन चुका, आणि तिन्ही माझ्या वाक्यांत जशाच्या तशा सापडल्या. वर दिलेलं वर्णन हे त्या चिठ्ठीनंतरचं आहे. दुसऱ्या चिठ्ठीत एक डोंगर होता, त्याच्या पायथ्याशी सरपटत वर जाणारी एक रेघ होती आणि छेद ऑगस्ट-सप्टेंबरच्या मध्ये. शिखराची उंची थोडी चुकली होती. चालायचंच.

प्रत्यक्ष कॉलवर कागदाचा फोटो मागता येत नाही, म्हणून प्रश्न विचारावा लागतो. ‘समजलं ना?’ हा प्रश्न नव्हे. त्याला ‘हो’ हे एकच उत्तर असतं. असं काहीतरी विचारायचं ज्याचं उत्तर फक्त चित्र डोक्यात असलेल्यालाच देता येईल : ‘ऑगस्टमध्ये ढीग वाढत होता की उतरत होता?’ रेघा ऑगस्टनंतर छेदतात हे ज्याच्या डोक्यात बसलं आहे तो म्हणेल, वाढत होता. प्रश्न एका माणसाला, नाव घेऊन आणि नाव आधी घेऊन, म्हणजे त्याला कान टवकारायला वेळ मिळतो. मग थांबायचं. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय मानकांत आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषणाला बाधा येत नाही असं धरतात, आणि ४०० ही कमाल मर्यादा. कॉन्फरन्स कॉलवर हा उशीर जाणवू लागतो, आणि त्यात पलीकडच्या माणसाला आवाज बंद केलेलं बटण शोधायचं असतं. मी मनात सावकाश आठपर्यंत मोजतो. तीन-चारवर फार अवघडल्यासारखं होतं आणि आपणच उत्तर देऊन टाकावंसं वाटतं. त्या आलेखाच्या वेळी सहावर आवाज आला.

‘वाढत होता. पण थांबा, मग डिसेंबरला महिन्याला ऐंशीने उतरतोय म्हणालात ते आवक चारशेच्या खाली राहील असं धरून ना?’

हो, तसंच धरून. स्लाइड आठवर तेच होतं.